काम तेच, पगार गावागणिक वेगळा: रिमोट कंपन्यांच्या लोकेशन टिअरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकेशन टिअर म्हणजे नेमकं काय?

ऑफिस नसलेली किंवा नावापुरतं ऑफिस असलेली कंपनी माणसं कुठूनही घेते, पण एकाच पदाला सगळीकडे एकच पगार देत नाही. ती देशांचे किंवा शहरांचे गट पाडते. सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूयॉर्क वरच्या गटात, डेन्व्हर किंवा ऑस्टिन त्याखाली, पूर्व युरोप आणखी खाली, आणि भारत बहुधा तळाच्या गटात. तुम्ही ज्या गटात राहता त्याचा पे बँड, म्हणजे पगाराची किमान-कमाल कक्षा, तुम्हाला लागू होतो. तुमचा मॅनेजर, टिकेट्स, ऑन-कॉलची पाळी आणि कामाचं मूल्यमापन मात्र सगळ्यांसारखंच असतं.

काही कंपन्या याला टिअर म्हणतात, काही झोन, काही नुसतं 'जिओ'. नाव कुठलंही असो, गणित जवळपास एकच आहे.

हा आकडा निघतो कसा?

हे समजून घ्यायला गिटलॅबचं उदाहरण सगळ्यात चांगलं. ही कंपनी सुरुवातीपासून रिमोट आहे आणि तिने आपली कार्यपद्धती सांगणारी हँडबुक इंटरनेटवर खुली ठेवली. त्यात पगाराचं सूत्रही होतं. तपशील वर्षानुवर्षं बदलत गेले, पण सांगाडा साधारण असा:

```
पगार = सॅन फ्रान्सिस्कोचा संदर्भ पगार × लोकेशन गुणक × पदपातळीचा गुणक × बँडमधलं स्थान
```

आता एक उदाहरण सोडवून बघू. यातले आकडे मी समजण्यापुरते घेतले आहेत, कुठल्या कंपनीचे नाहीत. सीनिअर बॅकएंड इंजिनिअरचा संदर्भ पगार वर्षाला १,६०,००० डॉलर. लोकेशन गुणक डेन्व्हरला ०.८६ आणि पुण्याला ०.४२. बाकीचे गुणक दोघांना १ धरू. डेन्व्हरच्या माणसाला १,३७,६०० डॉलर मिळतील आणि पुण्याच्या माणसाला ६७,२००. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर पुण्यातला पगार साधारण ५७ लाख रुपये.

दोघांनाही वर्षअखेरीस सारखीच १० टक्के वाढ मिळाली असं समजा. डेन्व्हरचा माणूस १,५१,३६० वर गेला, पुण्याचा ७३,९२० वर. आधी दोघांमधला फरक ७०,४०० डॉलरचा होता, आता तो ७७,४४० चा झाला. टक्केवारी समान असल्यामुळे कोणावर अन्याय झाल्यासारखं वाटत नाही, आणि अंतर मात्र दरवर्षी वाढत जातं.

पण ०.४२ हा आकडा आला कुठून?

बहुतेक लोकांना वाटतं की कोणीतरी पुण्याचं घरभाडं, किराणा, पेट्रोल मोजून तो काढला. सुरुवातीच्या काळात गिटलॅबने खरंच भाड्याचा निर्देशांक वापरला होता. नंबिओ या संकेतस्थळावर लोक स्वतः आपापल्या शहरातल्या किमती भरतात, तिथला तो होता. नंतर तिने ती पद्धत सोडली आणि बाजारातल्या पगारांच्या आकड्यांकडे वळली. आज बहुतेक मोठ्या कंपन्या हेच करतात. रॅडफर्ड, मर्सर यांसारख्या संस्था कंपन्यांकडून पगाराची माहिती गोळा करतात आणि ती त्यांना एकत्रित स्वरूपात विकतात. तीच इथे वापरली जाते.

म्हणजे प्रत्यक्षात गणित उलट्या दिशेने होतं. समजा सर्वेक्षण सांगतं की पुण्यात या पदाला मधला पगार ४२ लाख आहे आणि ७५ व्या पर्सेंटाइलला ५७ लाख. म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तर जणांना ५७ लाखांपेक्षा कमी मिळतात. कंपनी ठरवते की आपण ७५ व्या पर्सेंटाइलला पैसे द्यायचे. ५७ लाखांचे डॉलर केले, १,६०,००० ने भागले, की ०.४२ येतो. मग तोच गुणक सूत्रात घालून पुन्हा ५७ लाख काढले जातात. सूत्र वस्तुनिष्ठ दिसतं, पण खरा निर्णय त्याच्या आधीच झालेला असतो. सर्वेक्षणात कोणत्या कंपन्या मोजल्या आणि त्यातला कितवा पर्सेंटाइल धरला, हा तो निर्णय.

माझ्या मते या सगळ्या विषयाची गोम इथेच आहे. तुलनेत आयटी सर्व्हिसेसच्या कंपन्या जास्त असतील तर पुणे स्वस्त दिसतं. फक्त प्रॉडक्ट कंपन्या आणि परदेशी कंपन्यांची इथली केंद्रं घेतली, तर त्याच पुण्याचा मधला पगार बराच वर सरकतो. शहर बदललेलं नसतं, यादी बदललेली असते.

एचआर म्हणते, "तुमच्याकडे राहणीमानाचा खर्च कमी आहे." हे खरं कारण नाही का?

सांगायला सोपं म्हणून ते पुढे केलं जातं. पण हा तर्क त्याच कंपनीच्या इतर वागण्याशी जुळत नाही. तुम्हाला तीन मुलं असली आणि शेजारच्या सहकाऱ्याला एकही नसलं, म्हणून तुमचा पगार वाढत नाही. तुम्ही बाणेरमध्ये कर्ज काढून फ्लॅट घेतला आणि सहकारी वडिलोपार्जित वाड्यात राहतो, तरी दोघांचा गुणक एकच. खर्च हाच निकष असता तर तो घरोघरी मोजावा लागला असता.

शिवाय खर्चाची टोपली कोणाची धरायची हाही प्रश्न आहे. जागतिक बँकेच्या क्रयशक्ती समतेच्या हिशोबाने एका डॉलरचं अमेरिकेत जेवढं येतं तेवढं भारतात साधारण २० ते २४ रुपयांत येतं. हा हिशोब भाजी, केशकर्तन, घरकामाची मदत यांना चांगला लागू पडतो. लॅपटॉप, विमानाचं तिकीट, मुलीचं परदेशातलं शिक्षण यांना लागू पडत नाही, आणि सीनिअर इंजिनिअरच्या बचतीचा मोठा भाग जातो तो याच गोष्टींकडे.

याची चाचणी सोपी आहे. पुण्यातलं भाडं गेल्या दोन वर्षांत २० टक्क्यांनी वाढलं म्हणून गुणक वाढवा, अशी मागणी करून बघा. खर्च हे कारण असेल तर तो वाढायला हवा. उत्तर येतं ते "आम्ही मार्केट डेटा बघतो" असं.

मग कंपन्यांचं खरं समर्थन काय असतं?

गिटलॅबने ते हँडबुकमध्ये बऱ्यापैकी सरळ मांडलं होतं, म्हणून त्याच क्रमाने सांगतो. सगळ्यांना सर्वांत महाग शहराचा पगार दिला तर खर्च इतका वाढेल की कमी माणसं घेता येतील. सगळ्यांना स्वस्त शहराचा दिला तर महाग शहरात कोणी टिकणार नाही. मध्येच कुठेतरी एकच आकडा ठरवला तर स्वस्त प्रदेशातल्या लोकांसाठी तो फारच आकर्षक ठरेल, सगळी भरती तिकडेच होईल आणि माणसं जगभरातून घेण्याचा हेतू बाजूला पडेल. आणखी एक मुद्दा होता सोन्याच्या बेड्यांचा. स्थानिक बाजारापेक्षा फारच जास्त पगार असला तर माणूस कामावर नाराज असूनही सोडून जात नाही.

यातला पहिला मुद्दा प्रामाणिक आहे. कंपनीला जेवढे द्यावे लागतात तेवढेच ती देते, हाच त्याचा अर्थ. लाइटबिल भरतानाही कोणी स्वखुशीने जास्त भरत नाही. बेड्यांचा मुद्दा मला कधीच पटलेला नाही. जास्त पगारामुळे नाराज माणूस चिकटून राहतो ही चिंता खरी असेल, तर ती सॅन फ्रान्सिस्कोमधल्या शेअर्सवाल्या माणसाबद्दलही वाटायला हवी. तिथे मात्र त्यालाच माणसं टिकवणं म्हणतात.

बाजारभाव हे कारण तरी टिकतं का?

बरंचसं टिकतं, पण एका ठिकाणी ते सैल पडतं. बाजारभाव म्हणजे तुमच्यासाठी आणखी कोण बोली लावतंय. ऑफिसात येऊन काम करायचं असतं तेव्हा बोली लावणारे त्याच शहरातले असतात, म्हणून शहराचा भाव हा शब्द अर्थपूर्ण असतो. रिमोट कंपनी स्वतःच त्या शहराबाहेरची आहे, आणि ती बोली लावतेय. तिच्यासारख्या आणखी पंचवीस कंपन्या लावतायत. अशा वेळी पुण्यातल्या अनुभवी माणसाचा बाजार पुणे एवढाच उरत नाही. तरी सर्वेक्षण मात्र त्याला पुण्याच्याच रकान्यात मोजतं.

हा फरक सगळ्यांना सारखा लागू नाही. दोन वर्षं अनुभव असलेल्या मुलाला परदेशी रिमोट नोकऱ्या कमीच मिळतात, त्याचा बाजार खरंच स्थानिक आहे. डेटाबेसच्या आतल्या भागावर किंवा कंपायलरवर काम करणाऱ्या माणसाचा बाजार जगभर पसरलेला आहे. म्हणून एकाच शहराचा एकच गुणक सगळ्या पातळ्यांना लावणारी कंपनी वरच्या पातळीवरची माणसं गमावते. हे तिला कळतं ते लोक राजीनामे देऊ लागल्यावर, तेही कुठे गेले हे नीट विचारलं तर.

सरकारी नोकरीतही घरभाडे भत्ता शहराप्रमाणे असतो. हे तेच नाही का?

कल्पना तीच, पण मापात मोठा फरक आहे. केंद्र सरकारच्या एक्स, वाय, झेड वर्गवारीत मुंबई आणि पुणे एक्समध्ये आहेत, नाशिक, नागपूर, कोल्हापूर वायमध्ये, लहान गावं झेडमध्ये. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर घरभाड्याचे दर अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के झाले. मूळ वेतन ५६,१०० असलेल्या अधिकाऱ्याला पुण्यात १६,८३० रुपये भाडेभत्ता आणि नाशिकमध्ये ११,२२०. फरक ५,६१० रुपयांचा. मूळ वेतन आणि ५० टक्के महागाई भत्ता धरून एकूण रकमेशी ताडून पाहिलं तर पुणे आणि नाशिक यांच्यात साधारण साडेपाच टक्क्यांचं अंतर पडतं. प्रवासभत्त्यातला फरक यात धरलेला नाही.

तिथे कामाची किंमत, म्हणजे मूळ वेतन, सगळीकडे एकच राहतं आणि फक्त घरभाड्यासारखे भत्ते बदलतात. दर राजपत्रात असतात, कोणालाही वाचता येतात. रिमोट कंपनीचा गुणक मूळ पगारालाच लागतो. खर्चाची भरपाई आणि बाजारभाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजावून सांगायला मला एचआरएचंच उदाहरण सर्वांत सोयीचं वाटतं.

सगळ्यांना सारखा पगार देणाऱ्या कंपन्या आहेत का?

आहेत. बेसकॅम्पने २०१७ च्या सुमारास ठरवलं की माणूस कुठेही असो, त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजारातल्या वरच्या थरातला पगार द्यायचा, जरी त्या शहरात त्यांचा एकही कर्मचारी नव्हता. रेडिटने २०२० मध्ये अमेरिकेपुरते पगाराचे झोन काढून टाकले. एअरबीएनबीने २०२२ मध्ये प्रत्येक देशापुरता एकच गट ठेवला.

शेवटच्या दोन उदाहरणांत 'देशापुरतं' हे महत्त्वाचं. समान पगाराच्या बातम्या वाचताना देशाची सीमा कुठे आहे ते बघा. एका देशात झोन काढणं परवडतं, कारण तिथला फरक १० ते २० टक्क्यांचा असतो. देशादेशांमधला फरक अर्ध्याहून जास्त असतो, आणि तो पुसणारी कंपनी बहुधा लहान असते. बेसकॅम्पमध्ये तेव्हा काही डझन माणसं होती. हजारो माणसांच्या कंपनीला तेच करायचं तर पगाराचा एकूण खर्चच बदलतो.

मी गाव बदललं तर पगार कापतील का?

कापू शकतात, आणि करारात तसं कलम असतं. २०२० नंतर अमेरिकेत याची भरपूर उदाहरणं झाली. स्ट्राइपने सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क किंवा सिअॅटल सोडून जाणाऱ्यांना एकदाच २०,००० डॉलर देऊ केले, पण त्याबरोबर मूळ पगारात १० टक्क्यांपर्यंत कपात होती. गूगलमध्ये कर्मचाऱ्यांना जागा बदलल्यास पगार किती होईल ते दाखवणारं साधनच होतं. रॉयटर्सने २०२१ मध्ये दिलेल्या बातमीत, न्यूयॉर्कपासून रेल्वेने तासाभरावर असलेल्या स्टॅमफर्डमधून घरी बसून काम केलं तर पगार १५ टक्के कमी होणार होता. तोच माणूस स्टॅमफर्डमधून रोज न्यूयॉर्कच्या ऑफिसात गेला असता तर कपात नव्हती. म्हणजे घर तेच, भाडं तेच, आणि पगार दोन. राहणीमानाच्या खर्चाचा तर्क याहून स्वच्छ रीतीने कुठे मोडलेला मी पाहिलेला नाही.

भारतातल्या भारतात हलण्याबद्दल विचाराल तर परदेशी रिमोट कंपन्या बहुधा सगळा देश एकाच गटात धरतात. पुण्याहून सावंतवाडीला गेलात तर त्यांच्या लेखी काही बदलत नाही. काही कंपन्या मात्र बंगळुरू, हैदराबाद, पुणे यांसारखी शहरं वेगळी काढतात. जायच्या आधी लेखी विचारून घ्या.

पत्ता न कळवता दुसरीकडे राहिलो तर?

करू नका. दुसऱ्या देशात गेलात तर ठरावीक काळानंतर तुमची कर-निवास स्थिती बदलू शकते, आणि तुमच्या तिथे असण्याने कंपनीवरही त्या देशात कराची जबाबदारी येऊ शकते. मार्क झकरबर्गने २०२० मध्ये फेसबुकच्या लोकांना खरं ठिकाण कळवायला सांगितलं तेव्हा कारण म्हणून कर आणि हिशोबच पुढे केले होते, आणि खोटं सांगणाऱ्यांवर कडक कारवाई होईल असंही बजावलं होतं. व्हीपीएन लावून फार तर स्क्रीनवरचं ठिकाण बदलतं.

हे कायदेशीर आहे का?

बहुतेक ठिकाणी आहे. समान कामाला समान वेतन हे तत्त्व आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९(घ) मध्ये आहे आणि रणधीर सिंग खटल्यात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं, पण तो खटला सरकारी नोकरीतला होता. खासगी कंपन्यांना बांधणारा १९७६ चा समान वेतन कायदा लिंगावरून होणारा भेद रोखत असे, आणि २०२५ मध्ये त्याची जागा घेतलेली २०१९ ची वेतन संहिताही तेच करते. शहरावरून किंवा देशावरून केलेला फरक त्यात बसत नाही. अमेरिकेतला १९६३ चा कायदाही स्त्री-पुरुष भेदापुरताच आहे.

बदल येतोय तो पगार उघड करण्याच्या नियमांतून. कोलोरॅडो राज्यात २०२१ पासून नोकरीच्या जाहिरातीत पगाराची कक्षा देणं बंधनकारक झालं. त्यावर काही कंपन्यांनी रिमोट नोकरीच्या जाहिरातीत चक्क "कोलोरॅडोचे रहिवासी सोडून" असं लिहिलं. टिअरचं समर्थन करणं सोपं असतं तर ही वेळ आली नसती.

पगार रुपयात घ्यावा की डॉलरमध्ये?

तुम्हाला निवड असेल तर हा प्रश्न गुणकाइतकाच मोठा आहे. २०२१ च्या सुरुवातीला डॉलर ७३ रुपयांच्या आसपास होता, २०२४ च्या अखेरीस ८५ च्या. तेव्हा ६० लाख रुपयांवर लागलेला माणूस कंपनीला सुमारे ८२,००० डॉलरला पडत होता. पगार तसाच राहिला असता तर तो २०२४ अखेर साधारण ७०,६०० डॉलरला पडला असता. त्याच्या हाती रुपये तेवढेच आले आणि कंपनीची १४ टक्के बचत झाली. गुणकाला कोणी हात लावला नाही, तरी तो आपोआप खाली आला. रुपयात करार असेल तर डॉलरचा दर किती महिन्यांनी तपासणार हे त्यात असायला हवं.

थेट कर्मचारी न घेता कंत्राटदार म्हणून घेत असतील तर पीएफ, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा आणि विमा तुमच्याच डोक्यावर येतो. गिटलॅबच्या जुन्या सूत्रात कंत्राटदारासाठी वेगळा, वरचा गुणक होता. तसा तुमच्या ऑफरमध्ये नसेल तर सीटीसीशी तुलना करताना तेवढी रक्कम आधी वजा करा.

ऑफर आल्यावर नेमकं काय विचारायचं?

खर्चावर वाद घालू नका, तिथे काहीच हाती लागत नाही. बाजाराबद्दल विचारा. "माझ्या पदाची तुलना कोणत्या बाजाराशी केली, आणि त्यातल्या कितव्या पर्सेंटाइलला तुम्ही पैसे देता?" हा पहिला प्रश्न. एचआरकडे उत्तर तयार असतं, कारण आकडा त्यातूनच निघालेला असतो. "सगळीकडे आम्ही ७५ व्या पर्सेंटाइलला देतो" असं उत्तर आलं तर निदान धोरण एकच आहे. अमेरिकेत ७५ आणि भारतात ५० असं कळलं तर लोकेशनच्या फरकावर आणखी एक कपात घातलेली आहे, आणि तिला बाजारभावाचं समर्थन लागू होत नाही.

मग बँडची वरची आणि खालची टोकं विचारा आणि तुम्ही त्यात कुठे आहात ते. गुणक कोणासाठी बदलत नाहीत, बँडमधलं स्थान मात्र बदलतं. वाटाघाटीला जागा असते ती तिथेच. हातात दुसऱ्या रिमोट कंपनीची ऑफर असेल तर ती इथे ठेवा. पुण्याचा बाजार पुण्याबाहेरही आहे, याचा एचआरला मान्य करावा लागेल असा पुरावा तीच आहे.

शेअर्सनाही गुणक लागतो का?

काही कंपन्यांत लागतो, काहींत नाही, आणि मूळ पगारापेक्षा इथे कंपनी मोकळी असते. शेअरची किंमत पुण्यात आणि डेन्व्हरमध्ये एकच असते, त्यामुळे खर्चाचं किंवा भाड्याचं कारण इथे तोंडदेखलंही देता येत नाही. पगारात जमलं नाही तर शेअर्स अमेरिकेच्या तक्त्याप्रमाणे मागून बघा. हो म्हणण्याची शक्यता तिथे जास्त असते, फक्त शेअर्स प्रत्यक्ष तुमचे व्हायला लागणारी, म्हणजे व्हेस्टिंगची मुदत आणि नोकरी सोडल्यावर शेअर घेण्याचे ऑप्शन वापरायला किती दिवस मिळतात ते आधी वाचा.